सोसायटीचे पासबुक कसे वाचावे
(शेअर, कर्जाचा हप्ता, व्याज आणि लाभांश यांच्या नोंदींचा उलगडा)



ऊसबिले निघाली की आमच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, बिलातून सोसायटीचे पैसे कापले, पण सोसायटीत गेलो तर म्हणतात अजून बाकी आहे. मग कापलेले पैसे गेले कुठं?" कारखान्याच्या पावतीत याचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे सभासदाच्या विकास सोसायटीच्या पासबुकात असते. हे पासबुक बहुतेकांच्या घरी पेटीत तरी पडलेले असते, नाहीतर सचिवाच्या कपाटात. म्हणून या अंकात आम्ही पासबुकाचे एक वर्ष ओळीने वाचून दाखवीत आहोत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२-अ प्रमाणे कर्ज देणाऱ्या सोसायटीने प्रत्येक सभासदाला पासबुक दिलेच पाहिजे. कर्ज कधी दिले, किती दिले, व्याजाचा दर काय, परतफेड किती झाली, मुद्दल आणि व्याज किती येणे आहे, हे त्यात लिहायचे आणि अधिकार असलेल्या माणसाने त्यावर सही करायची. रीतसर केलेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत पुरावा म्हणून धरली जाते. म्हणजे पासबुक हा तुमच्या हातातला कागदी साक्षीदार आहे. मात्र नोंदी वेळेवर झालेल्या असतील तरच तो साक्ष देईल.

नावे आणि जमा

पासबुक सोसायटीच्या बाजूने लिहिलेले असते, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावे. सोसायटीने तुम्हाला पैसे दिले की ते तुमच्या 'नावे' पडतात. तुम्ही पैसे भरले, किंवा तुमच्यासाठी कारखान्याने भरले, की ते 'जमा' होतात. कर्जाच्या पानावर शेवटच्या रकान्यात जी 'बाकी' दिसते ती तुमच्याकडून सोसायटीला येणे असलेली रक्कम. शेअरच्या पानावर शेवटच्या रकान्यातली रक्कम मात्र तुमची स्वतःची असते. रकाना दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण एका पानावर ते तुमचे देणे असते आणि दुसऱ्या पानावर तुमचे भांडवल. नुसता आकडा पाहून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये, आधी पान कशाचे आहे ते बघावे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. सोसायटीचा शेअर वेगळा आणि कारखान्याचा शेअर वेगळा. कारखान्यात तुमचा भाग आहे, त्याचा दाखला आणि त्याचा हिशेब कारखान्याकडे असतो. ऊसबिलातून कारखाना जी ठेव कापतो तीही कारखान्याच्याच खात्यात असते. सोसायटीच्या पासबुकात यातले काहीही दिसणार नाही, आणि दिसले नाही म्हणून पैसे बुडाले असेही नाही.

उदाहरण: पाइपलाइनचे एक लाख

समजा, आपल्या एका सभासदाने विहिरीपासून उसाच्या पट्टीपर्यंत पाइपलाइन टाकण्यासाठी १ जुलै २०२३ रोजी सोसायटीतून एक लाख रुपये मध्यम मुदतीचे कर्ज घेतले. फेड पाच वर्षांत, दर वर्षी ३० जूनला वीस हजार मुद्दल आणि त्यावरचे व्याज. हिशेब सोपा व्हावा म्हणून व्याजाचा दर शेकडा १२ धरू. तुमच्या कर्जाचा दर वेगळा असेल. तो पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा कर्जाच्या नोंदीशेजारी लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर तो लिहून मागावा.

या सभासदाच्या हातात एक लाख पडले नाहीत, सत्त्याण्णव हजार पडले. तीन हजार गेले कुठे? कर्ज घेताना कर्जाच्या ठरावीक टक्के शेअर असावा लागतो. तो किती, हे सोसायटीच्या उपविधीत असते, कुठे पाच टक्के तर कुठे दहा. आपण पाच टक्के धरू. एक लाखावर पाच हजारांचा शेअर हवा. सभासदाचा आधीचा शेअर दोन हजारांचा होता, म्हणून तीन हजार कर्जातून कापून शेअर खात्यात घातले. पासबुकात हे दोन पानांवर असे दिसेल:

कर्जाचे पान — १ जुलै २०२३, मध्यम मुदत कर्ज, नावे १,००,०००, बाकी १,००,०००.

शेअरचे पान — १ जुलै २०२३, कर्जातून शेअर कपात, जमा ३,०००, एकूण शेअर ५,०००.

इथे दोन गोष्टी तपासायच्या. हातात सत्त्याण्णव हजार आले तरी व्याज पूर्ण एक लाखावर चालते, त्यामुळे कर्जाच्या पानावर एक लाखच दिसणार, ते बरोबर आहे. पण मग शेअरच्या पानावर त्याच तारखेला तीन हजार वाढलेले दिसलेच पाहिजेत. 'कपात' म्हटली की पुष्कळ सभासद तो खर्च समजून सोडून देतात. तो खर्च नाही, तुमचे भांडवल आहे. शेअरच्या पानावर ती नोंद नसेल, तर तुमचे तीन हजार कर्जात मोजले गेले पण तुमच्या नावावर कुठेच नाहीत. मग त्यावर लाभांशही मिळणार नाही.

व्याज दिवसावर मोजतात

आता उसाकडे वळू. या सभासदाचा ऊस जानेवारीत गेला. सोसायटीने कारखान्याला वसुलीची यादी दिलेली होती. कायद्याच्या कलम ४८-अ मध्ये याची सोय आहे. सभासदाने तसा करार करून दिला असेल, तर त्याने घातलेल्या मालाच्या किमतीतून कारखाना सोसायटीचे पैसे कापून परस्पर देऊ शकतो. समजा, ऊसबिलातून २७,२०० रुपये कापले आणि ते ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सोसायटीत त्याच्या खात्याला जमा झाले.

१ जुलैपासून ५ फेब्रुवारीपर्यंत २१९ दिवस होतात. व्याजाची रीत अशी: मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, आणि त्याला ३६,५०० ने भागायचे. एक लाख गुणिले १२ गुणिले २१९, भागिले ३६,५००, म्हणजे ७,२०० रुपये. आलेल्या रकमेतून आधी व्याज वळते करतात आणि उरलेली रक्कम मुद्दलाला जाते. तेव्हा नोंद अशी पडेल:

५ फेब्रुवारी २०२४ — ऊसबिल वसुली २७,२००, पैकी व्याज ७,२००, मुद्दल २०,०००, बाकी ८०,०००.

मुद्दलाचा हप्ता पुरा झाला. ३० जूनला आता फक्त उरलेल्या दिवसांचे व्याज भरायचे. ८०,००० वर १४६ दिवसांचे ते ३,८४० रुपये होते. या सभासदाने काहीच न भरता ३० जूनपर्यंत थांबून पैसे दिले असते, तर वीस हजार मुद्दल आणि बारा हजार व्याज मिळून बत्तीस हजार लागले असते. आता एकूण लागले ३१,०४०. वीस हजार मुद्दल पाच महिने आधी फिटले म्हणून ९६० रुपये वाचले.

कापले त्या दिवशी नव्हे, जमा झाले त्या दिवशी

आता त्याच सभासदाचे पैसे वाटेत अडकले असे समजा. कारखान्याच्या पावतीवर कपात ५ फेब्रुवारीचीच आहे. पण कपातीची रक्कम कारखान्यातून बँकेत, बँकेतून सोसायटीच्या खात्यात, आणि तिथून सचिव यादीप्रमाणे नावनिशीवार खतावणीत चढवणार, अशा तीन पायऱ्या असतात. यातल्या कुठल्याही पायरीवर रक्कम थांबू शकते. कधी पैसे आलेले असतात पण यादी आलेली नसते, मग रक्कम सोसायटीच्या एकत्र खात्यात पडून राहते. समजा, पासबुकात नोंद पडली ती १८ एप्रिलला. मध्ये ७३ दिवस गेले.

व्याज आता १ जुलैपासून १८ एप्रिलपर्यंत २९२ दिवसांचे लागेल. ते होते ९,६००. तेव्हा नोंद अशी दिसेल:

१८ एप्रिल २०२४ — ऊसबिल वसुली २७,२००, पैकी व्याज ९,६००, मुद्दल १७,६००, बाकी ८२,४००.

पैसे तेवढेच, पावती तीच, पण मुद्दलाच्या हप्त्यात २,४०० रुपये तूट आली. ३० जूनपर्यंतचे व्याज आणखी १,९७७ रुपये ६० पैसे होते. म्हणजे ३० जूनला भरायची रक्कम ३,८४० नव्हे, तर ४,३७७ रुपये ६० पैसे.

यातला खरा तोटा किती, हेही नीट पाहावे, उगाच फुगवून सांगू नये. दोन्ही रकमांतला फरक ५३७ रुपये ६० पैसे आहे, तोच निव्वळ तोटा. बाकीचे पैसे द्यायचेच होते. पण तोट्यापेक्षा मोठा धोका दुसरा आहे. "कारखान्याने कापून घेतले, आपण मोकळे झालो" अशा समजुतीने सभासद घरी बसतो. ३० जून उलटून जातो. मुद्दलाचा हप्ता २,४०० ने अपुरा राहतो आणि सभासद थकबाकीदारांच्या यादीत जातो. मग पुढचे कर्ज अडते, थकलेल्या रकमेवर दंडव्याज सुरू होते आणि सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहायला अडचण येते. एवढे सगळे अडीच हजारांच्या आतल्या रकमेपायी. दंडव्याज लागलेच, तर ते थकलेल्या रकमेवर धरले आहे की ज्या हप्त्यांची मुदतच आली नाही त्यांच्यावरही धरले आहे, तेवढे मात्र जरूर विचारावे.

म्हणून तीन कागद एकत्र ठेवावेत: कारखान्याची ऊसबिलाची पावती, सोसायटीची वसुलीची पावती आणि पासबुक. तिन्हींत रक्कम जुळली पाहिजे, आणि रकमेइतकीच तारीखही पाहिली पाहिजे. कपातीची तारीख आणि जमेची तारीख यांत आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त अंतर दिसले, तर कारखान्याची पावती दाखवून रक्कम कुठे थांबली याची लेखी विचारणा करावी. आमच्या हिशेब खात्यात आलात, तर रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या यादीने पाठवली ते पाहायला मिळते. ती तारीख आणि यादीचा क्रमांक घेऊन सोसायटीत गेलात की पुढचा शोध सोपा जातो.

पीक कर्जाचे पान वेगळे

मध्यम मुदतीचे कर्ज आणि पीक कर्ज यांची पाने वेगळी असतात, आणि पीक कर्जाच्या पानावर तारखेला आणखी वजन आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्र सरकारची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते. राज्याने २०२१ मध्ये आपली सवलत वाढवली, तेव्हापासून मुदतीत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. काही ठिकाणी व्याज आधी घेतात आणि सवलतीची रक्कम आल्यावर खात्यात जमा करतात. तसे असेल तर 'व्याज सवलत जमा' अशी नोंद काही महिन्यांनी दिसली पाहिजे.

उसाची गोम इथेच आहे. केंद्राची सवलत कर्ज उचलल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षापुरती असते. ऑगस्टात आडसाली लावणीसाठी कर्ज घेतले, तर ऊस पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्यात येतो. ऊसबिलाची वाट पाहत बसलात तर वर्ष कधीच उलटून गेलेले असते. तेव्हा पासबुकात कर्ज उचलल्याची तारीख पाहून, 'परतफेडीची तारीख' आणि 'सवलतीची शेवटची तारीख' या दोन्ही सचिवाकडून वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. या दोन तारखा एकच असतील असे धरून चालू नये.

आपला जिल्हा पाण्याच्या ओढाताणीचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तालुके होते. अशा वर्षी पीक कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते. पासबुकात ते चमत्कारिक दिसते. एकाच तारखेला जुने कर्ज पुरे 'जमा' आणि नवे मध्यम मुदतीचे कर्ज 'नावे'. हातात एक रुपया येत नाही, जात नाही. ही कर्जमाफी नव्हे, मुदत वाढवलेली आहे. अशी नोंद दिसली की आपण पुनर्गठनाच्या कागदावर सही केली होती का, नव्या कर्जात जुने मुद्दल किती आणि जुने व्याज किती धरले, आणि नवे हप्ते कोणत्या तारखांना आहेत, एवढे विचारून घ्यावे.

जुनी बाकी वर्षानुवर्षे राहिली असेल, तर कायद्याचे कलम ४४-अ लक्षात असू द्यावे. शेतीसाठी दिलेल्या पंधरा वर्षांपर्यंतच्या कर्जावर सोसायटीला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. यालाच आपल्याकडे दामदुप्पट म्हणतात.

लाभांशाची ओळ

आता शेवटचे पान. सोसायटीचे वर्ष ३१ मार्चला संपते. नफा झाला, तर त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, आणि उरलेल्यातून वार्षिक सभा लाभांश मंजूर करते. कायद्याने लाभांश शेकडा १५ च्या वर देता येत नाही. सोसायटी तोट्यात असेल तर लाभांश नाही. तेव्हा ही ओळ दर वर्षी दिसेलच असे नाही.

आपल्या सभासदाच्या सोसायटीने २०२३-२४ साठी शेकडा ८ लाभांश दिला असे धरू. त्याचा दोन हजारांचा जुना शेअर पूर्ण वर्ष होता, त्यावर १६० रुपये. तीन हजारांचा नवा शेअर १ जुलैपासून ३१ मार्चपर्यंत नऊ महिने होता, त्यावर १८० रुपये. एकूण ३४०. काही सोसायट्या वर्षाच्या मध्ये घेतलेल्या शेअरवर लाभांश देत नाहीत, तसा उपविधी असेल तर १६० च मिळतील. पण दोन्ही आकड्यांशी जुळत नसेल, तर शेअरची नोंदच उशिरा झाली असण्याचा संभव असतो. म्हणून लाभांशाची ओळ ही शेअर कपातीच्या नोंदीची उलटतपासणी समजावी.

हे ३४० रुपये रोख मिळतीलच असेही नाही. कलम ४६ प्रमाणे सभासदाकडे येणे असेल तर सोसायटीला लाभांश त्या येण्यात वळता करता येतो. तसे केले असेल तर पासबुकात 'लाभांश वर्ग' अशी नोंद हवी, आणि तीच रक्कम कर्जाच्या पानावर जमा दिसायला हवी. एका पानावरून निघाली आणि दुसऱ्या पानावर पोहोचलीच नाही, असे होता कामा नये.

कुठे शंका घ्यावी

सगळ्या सोसायट्यांचे सचिव वाईट नसतात. एका गटसचिवाकडे कधी दोन-तीन गावांचे काम असते, आणि नोंदी मागे पडतात. पण काही खुणा दिसल्या तर गप्प बसू नये. वर्षभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात. जमेच्या ओळीसमोर पावतीचा क्रमांक नाही. रोख भरले तेव्हा छापील पावतीऐवजी साधी चिठ्ठी मिळाली. 'तुमचं पासबुक माझ्याकडंच राहू द्या' असा आग्रह होतो. यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. जे पासबुक तुमच्या हातात नाही त्यातली नोंद तुम्हाला तपासता येत नाही, आणि तुमच्या बाजूने पुरावा म्हणून काढून दाखवताही येत नाही.

प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. जिथे छापील उतारा मिळू लागला आहे तिथेही वाचायची रीत हीच. यंत्र बेरीज चुकत नाही, पण १८ एप्रिलला भरलेली तारीख ते ५ फेब्रुवारी करून देत नाही.

चूक सापडली तर आधी सचिवाकडे तोंडी न सांगता अर्ज द्यावा, सोबत कारखान्याच्या पावतीची आणि पासबुकाच्या पानाची प्रत जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. दाद लागली नाही तर चेअरमन, आणि त्यानंतर तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था. लेखापरीक्षक गावात आले असतील तेव्हा पासबुक घेऊन भेटावे. खतावणीतली बाकी आणि सभासदाच्या पासबुकातली बाकी जुळते की नाही हे पाहणे त्यांच्या कामातच येते.

वर्षातून दोनदा पासबुक भरून घेतले तरी पुरे आहे. एकदा ऊसबिल जमा झाल्यावर पंधरा दिवसांनी, म्हणजे कपात आणि जमा यांची तारीख ताडता येईल. आणि एकदा मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे हप्त्यात काही तूट असेल तर ३० जूनच्या आत भरायला महिनाभर हातात राहील.